धुक्यात माणूस किती पावलांवर दिसतो?

आजच्या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना इकडेतिकडे गेलेलं थोडं सावरून घेतलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे कथेतलं हवामान. तुम्ही पाठवता त्या कथांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. पहिला परिच्छेद हवामानाचा असतो. धुक्याची दुलई असते, नाहीतर सूर्य आग ओकत असतो, नाहीतर गुलाबी थंडी पडलेली असते. चार ओळींत हे उरकलं की कथा सुरू होते आणि मग ती थंडी, ते धुकं शेवटपर्यंत परत कुठेही येत नाही. दुलई घडी करून कपाटात ठेवलेली असते. वाचकालाही ते कळतं, म्हणून तो तो परिच्छेद ओलांडूनच वाचायला सुरुवात करतो.

मला विचाराल तर उघड्यावरचा प्रसंग लिहायला बसताना विशेषणं शोधण्याआधी एक प्रश्न विचारावा. या हवेत समोरचा माणूस किती पावलांवर दिसतो? आणि दिसतो तेव्हा त्याचं काय काय दिसतं? एवढं ठरलं की अर्धं वर्णन आपोआप होतं. एकच प्रसंग तीन ऋतूंत ठेवून बघू, म्हणजे मी काय म्हणतोय ते समजेल.

प्रसंग साधा आहे. दोन भाऊ. थोरला गावात शेती बघतो, धाकटा चार वर्षांनी येतोय. वाटणीच्या कागदावर सही हवी आहे, हे दोघांनाही माहीत आहे. थोरला एका झाडाखाली उभा आहे. रस्त्यावर एसटी थांबते, धाकटा उतरतो. रस्त्यापासून झाडापर्यंत पायवाट आहे, तीनशे पावलांची. म्हणजे साधारण दोनशे मीटर, सावकाश चालत तीन मिनिटं. ही तीन मिनिटं लक्षात ठेवा, सगळा हिशेब तिच्यावर आहे.

पहिली जागा आंबोली. जुलैचा महिना, पुनर्वसूचा पाऊस, ज्याला आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात. आंबोली घाटमाथ्याच्या अगदी कडेवर आहे, सातशे मीटरच्या जवळपास उंचीवर. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते आणि वर चढते, चढताना गार होते आणि ढग बनतात. खाली सावंतवाडीत उभं राहून बघितलं तर डोंगराच्या डोक्यावर ढग बसलेला दिसतो. तोच ढग वर आंबोलीत गेलं की धुकं. ही गोष्ट लिहिणाऱ्याला माहीत असायला हवी, कारण ढग म्हटला की तो वाऱ्यावर चालतो. पावसाळ्यातलं घाटावरचं धुकं एका जागी बसत नाही. ते दरीतून वर येतं, रस्ता ओलांडतं, समोरची टपरी गिळतं, आणि अर्ध्या मिनिटात तीच टपरी पुन्हा दाखवतं. 'सर्वत्र शांत धुकं पसरलं होतं' असं आंबोलीच्या जुलैबद्दल कुणी लिहिलं, तर तो माणूस तिथे जुलैत गेलेला नाही असं समजावं.

हवामान खात्याच्या मोजमापात एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर ते धुकं. दोनशे मीटरच्या आत आलं की दाट, पन्नासच्या आत आलं की अतिदाट. आपल्या कथेत आपण अतिदाट घेऊ. चाळीस पावलं, म्हणजे तीसेक मीटर. त्यापलीकडे पांढरं. आता या चाळीस पावलांतही सगळं सारखं दिसत नाही. आधी रंग जातो. दहा पावलांवरचं झाड हिरवं आहे, वीस पावलांवरचं राखाडी आहे, पस्तीस पावलांवरचं म्हणजे नुसता आकार. सावली कुणालाच नाही, कारण उजेड सगळीकडून सारखाच येतोय. सकाळचे नऊ आहेत की दुपारचे तीन, हे उजेडावरून सांगता येत नाही. कथेत वेळ कळायलाच हवी असेल तर ती दुसऱ्या कशावरून तरी कळवावी लागते, एसटीवरून, शाळेच्या घंटेवरून.

आणि झाडाखाली उभ्या थोरल्यावर पाणी पडतंय. पाऊस पडत नसला तरी पडतंय. वाऱ्याबरोबर जाणारे धुक्याचे बारीक थेंब पानांना चिकटतात, मोठे होतात आणि टपकतात. म्हणून पाऊस थांबलेला असताना उघड्यावरचा माणूस नुसता दमट होतो आणि आसऱ्याला झाडाखाली गेलेला भिजतो. असा एक तपशील कथेत आला की धुकं 'दाट' आहे हे वेगळं सांगायची गरज राहत नाही.

आता तीन मिनिटांचं बघा. थोरल्याला एसटी दिसत नाही, ऐकू येते. घाटात गियर बदलल्याचा आवाज, मग ब्रेक, मग कंडक्टरची घंटा, मग गाडी निघते. कुणीतरी उतरलंय. कोण, ते माहीत नाही. पुढची अडीच मिनिटं काहीच नाही. ओढ्याचा आवाज आहे, पानांतून टपटप आहे, कुठेतरी शीळकरी कस्तुर शीळ घालतोय. तो पाण्याच्या आवाजावरूनही ऐकू येतो. आणि मग एकदम चाळीस पावलांवर एक आकार. तिथून समोर यायला पंचवीस सेकंद. थोरल्याला चेहरा तयार करायला तेवढाच वेळ आहे. रागाचा करायचा की ओळखीचा, हे ठरायच्या आत भाऊ समोर.

मी ते असं लिहिलं:

'गाडी निघून गेली. कोणी उतरलं असेल तर आत्ता नांगरटीच्या अंगाला असेल, असं त्याला वाटलं. मानेवर थेंब पडला. त्याने टोपी मागे ओढली. समोर पांढऱ्यात काहीतरी काळपट हललं आणि त्याला वाटलं म्हैस आहे. मग म्हशीने छत्री मिटली.'

यात 'धुकं' हा शब्दच नाही. मुद्दाम टाळलेला नाही, त्याची गरज पडली नाही. थोरल्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही एवढंच लिहिलंय. म्हैस वाटणं हे विनोदासाठीही नाही. त्या अंतरावर रंग गेलेला असतो, उंचीचा अंदाज चुकतो, कारण शेजारी मापाला दुसरं काही दिसत नाही. धुक्यात माणसं मोठी वाटतात, ती यामुळे.

आता हीच भेट उचलून विदर्भात नेऊ. वर्धा जिल्हा, मेचा शेवटचा आठवडा, भर दुपार. जागा बदलतोय, कारण मे महिन्याची दुपार जिथे खरी तळपते तिथेच ती ठेवलेली बरी. शेत मोकळं आहे, पऱ्हाटी उपटून बांधाला ढीग लावलाय. झाड कडुनिंबाचं.

इथे आधी सावलीचं बोलू, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वर्ध्यात 24 मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नागपुरात 26च्या सुमारास, पुण्यात मेच्या मध्याआधी एकदोन दिवस, कोल्हापुरात त्याहून आधी, 7 मेच्या आसपास. त्या दिवशी उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच मावते. वर्ध्यात हे घड्याळात बारा वाजून दहाबारा मिनिटांनी होतं, मुंबईत साडेबारा उलटल्यावर. म्हणजे दुपारच्या प्रसंगात 'त्याची लांब सावली आधी पोचली' असं लिहिलं की गडबड झाली. मेमध्ये बाराला माणसाला सावली नसते, पायाखाली एक डाग असतो. डिसेंबरात मात्र त्याच वेळी सावली जवळजवळ माणसाएवढी असते, कारण सूर्य दक्षिणेला कललेला असतो. ऋतू सांगायला सावलीची लांबी पुरते. महिन्याचं नाव नाही लिहिलं तरी चालतं.

दुसरं असं की ऊन सगळ्यात कडक बाराला असलं तरी हवा सगळ्यात तापलेली असते ती दोन ते चारच्या दरम्यान. जमीन तापते, मग ती हवेला तापवते, याला वेळ लागतो. थोरला बाराला उभा असेल तर डोक्याला चटका आहे. तीनला उभा असेल तर सावलीतही सुटका नाही, झळ बाजूने येते, श्वासातून आत जाते. हे दोन वेगळे त्रास आहेत आणि आपण दोन्हींना 'रणरणतं ऊन' म्हणून मोकळे होतो.

या हवेत अंतराचं काय? धाकटा एसटीतून उतरल्या क्षणी दिसतो. तीनशे पावलं, तीन मिनिटं, मध्ये काहीच नाही. पण दिसतो कसा? तापलेल्या जमिनीलगतची हवा थरथरते, त्यामुळे लांबच्या माणसाचे पाय दिसत नाहीत. डांबरी रस्त्यावर पाण्यासारखं चमकतं आणि तो त्या पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. जवळ आला की पाय जमिनीला टेकतात. शिवाय ऊन वरून पडतंय, म्हणजे कपाळाखाली डोळ्यांच्या खोबणीत अंधार. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याचे डोळे दिसत नाहीत. आणि त्याने डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला असेल तर बोलायलाच नको.

हाकेचंही तसंच. जमीन तापलेली, वरची हवा त्यामानाने गार, अशा वेळी आवाज वरच्या बाजूला वळत जातो. दिसणारा माणूस हाकेच्या टप्प्यात असेलच असं नाही. धाकट्याने रस्त्यावरून हात वर केला, तोंड हललं, आणि थोरल्यापर्यंत काही पोचलं नाही. पक्षी गप्प आहेत. आता या तीन मिनिटांत थोरल्याला लपायला जागा नाही. तो आपल्याला बघतोय हे त्याला माहीत आहे. मध्येच घागरीकडे वळला तर ते दिसणार, उभा राहिला तर तेही दिसणार. आंबोलीत त्याला वेळ पुरला नाही, इथे वेळ संपत नाही.

'तो उतरला तेव्हाच कळलं की तोच आहे, चालण्यावरून. डाव्या पायाने जरा जास्त माती उडवतो. त्याने हात केला. आपणही करावा का हे ठरेपर्यंत हात खाली गेला होता. मग नुसतं बघत राहायचं उरलं. निंबाची सावली खोडाभोवती गोळा होऊन बसली होती, तिच्यात दोघं मावले असते, पण चिकटून.'

शेवटच्या वाक्याकडे बघा. दुपारी झाडाची सावली झाडाखालीच असते, ती लांबवर पसरलेली नसते. दोन भावांनी एका सावलीत यायचं तर त्यांना जवळ यावं लागेल. हे सूर्याने ठरवलंय, मी नाही. सही मागायला आलेला माणूस उन्हात उभा राहील की सावलीत येईल, या एका गोष्टीवर पुढचा सगळा संवाद उभा करता येतो.

झाडाफुलांचं एक जाता जाता सांगतो. मेच्या दुपारी पळस फुललेला दाखवू नका, त्याचा बहर फेब्रुवारी-मार्चचा. मेमध्ये त्याला मोठी हिरवी पानं आलेली असतात. गुलमोहर चालेल, बहावा चालेल. खेड्यातला वाचक पहिल्यांदा हे बघतो.

तिसरी जागा निफाड. जानेवारीची पहाट संपून सकाळ होतेय, साडेसात वाजलेत. नाशिक जिल्ह्यात थंडी पडली की निफाडचा आकडा बातमीत येतोच. गोदावरीचा सखल भाग, आजूबाजूला द्राक्षबागा. इथलं धुकं आंबोलीच्या धुक्याचं सख्खं नाही, चुलतही नाही. रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, जमिनीतली उष्णता निघून जाते आणि जमिनीलगतची हवा सगळ्यात गार होते. ओल असेल तिथे, म्हणजे नदीकाठी, पाटाच्या कडेला, पाणी दिलेल्या बागेत धुकं धरतं. ते चालत नाही, साचतं. खळग्यात जास्त, उंचवट्यावर कमी. कधी कधी छातीपर्यंतच असतं. बागेच्या मांडवाचे खांब अर्धे गायब आणि वरचा मांडव स्वच्छ दिसतोय, असंही होतं. ऊन वर आलं की आठ-नऊच्या सुमारास ते विरायला लागतं.

एरवी वर जावं तसतशी हवा गार होते. अशा पहाटे मात्र खाली गार आणि वर त्याहून कोमट असं उलटं असतं, आणि हे डोळ्यांना दिसतं. कडाक्याच्या थंडीत बागाईतदार रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना थंडी बाधू नये म्हणून. त्या शेकोटीचा धूर बघा. तो सरळ वर जातो, ठरावीक उंचीवर पोचला की अडतो आणि आडवा पसरतो. वरच्या कोमट हवेतून त्याला पुढे जाता येत नाही. गावातल्या चुलींचा धूरही तसाच, घरांच्या वर एक निळसर पट्टा. हिवाळ्यातली जी धूसर हवा आपण म्हणतो, ती बऱ्याचदा धुकं विरल्यावरही हा धूर आणि धूळ खालीच अडकल्यामुळे असते. ती कोरडी असते. तिने अंग ओलं होत नाही, घशाला खवखव होते. 'धूसर' आणि 'धुकं' एकाच अर्थाने वापरलेलं मला खटकतं ते त्यासाठी.

याच उलट्या थरामुळे आवाज लांब जातो. तो खालच्या बाजूला वळत जमिनीलगतच राहतो. मनमाड-नाशिक लोहमार्गावरची गाडी निफाडच्या शिवारात अशा सकाळी बांधापलीकडे असल्यासारखी वाजते. वर्ध्याच्या दुपारी माणूस दिसत होता आणि हाक पोचत नव्हती. इथे माणूस शंभर पावलांवर नुसती राखाडी रेघ आहे, आणि त्याचं खाकरणं कानाशी आल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून ही भेट मी कानाने लिहिली:

'एसटीचं दार आपटलं. मग खोकला आला. थोरल्याने शेकोटीत काटकी सारली आणि मान वर केली नाही. बापाचा खोकला असाच होता, दोन कोरडे आणि एक ओढलेला. धूर मांडवापर्यंत गेला आणि तिथेच लोळत राहिला. खोकला जवळ येत होता.'

इथे एक अडचण आहे, तीही सांगतो. ही तिसरी आवृत्ती वाचकाला जास्त आवडेल, कारण तिच्यात बाप आला. पण तो खोकला वर्ध्याला नेता येणार नाही. तिथे तो इतक्या लांबून ऐकूच येणार नाही. आंबोलीतही नाही, तिथे ओढा आणि टपटप त्याला गिळून टाकतील. तुम्हाला जर बापाचा खोकलाच हवा असेल, तर कथा हिवाळ्यात न्यावी लागेल. आणि कथा द्राक्षांच्या हंगामात नेली की पैशांचा विषय बदलतो, घाई बदलते, सही आत्ताच का हवी याचं कारण बदलतं. काहींना हे उलटं वाटतं, म्हणजे हवामानासाठी कथा बदलायची का? मला त्यात काही वावगं दिसत नाही. शेतकऱ्याच्या घरातली वाटणी ऋतू बघूनच निघते. पेरणीच्या तोंडावर कुणी मोजणी मागत नाही.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं, असं मागच्या वेळी एकीने विचारलं होतं. मी काय करतो ते सांगतो. परिच्छेदातून हवामानाचे शब्द काढून टाकतो, धुकं, ऊन, थंडी, सगळे. उरलेलं दुसऱ्याला वाचायला देतो आणि विचारतो, महिना कोणता? निंबाच्या खोडाभोवतीची सावली वाचून त्याने उन्हाळा ओळखला तर ठीक. तो म्हणाला, कुठलाही असेल, तर माणसं अजून घरातच उभी आहेत, उघड्यावर आलेली नाहीत. आणखी एक, वाक्यात 'दिसत होतं' आलं की कोणाला, किती लांबून, हे पेन्सिलीने बाजूला लिहितो. थोरला तीनशे पावलांवरून भावाच्या डोळ्यांतलं पाणी बघतोय, असं सहज लिहून जातं माणूस. चार ठिकाणी तरी खोडावं लागतं.

तुम्ही असं करा. तुमच्या एखाद्या कथेतली उघड्यावरची भेट घ्या, पावलं मोजा, आणि दोन ऋतूंत लिहून पाठवा. दोनशे शब्दांच्या आत. पुढच्या भागात त्यातल्या दोनतीन वाचू. आणि वळवाचा पाऊस राहिलाच आज. तो पंधरावीस मिनिटांत सगळी हवा बदलून टाकतो, म्हणून त्याला वेगळा वेळ लागेल. तो पुढच्या वेळी.